पोळ्यांना बाई लावण्यावरून घरात वाजतंय? या चुका टाळा

सकाळी तीन डबे, घरात पाच माणसं, रोजच्या वीस-बावीस पोळ्या आणि सूनबाईंना आठच्या आत घर सोडायचं. अशा घरात पोळ्यांना बाई लावायचा विषय निघतो आणि सासूबाई म्हणतात, "कशाला? एवढ्या पोळ्या काय जड आहेत?" इथपर्यंत सगळं साधंच असतं. बिघडतं ते पुढे, आणि बहुतेक घरांत त्याच दोन-तीन ठिकाणी.

नवऱ्याचा पोस्टमन होतो

"आई, तिला बाई लावायचीय." या वाक्यात मागणी बायकोची ठरते आणि मुलगा बाजूला उभा राहतो. आईला वाटतं, सुनेला काम नको आहे. मग आईचं उत्तर घेऊन तो बेडरूममध्ये येतो आणि भांडण नवरा-बायकोचं होतं.

आधी दोघांनी बसून तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. पैसे कोणाच्या पगारातून जाणार? काय सोडायचं नाही (समजा, सकाळच्या पोळ्या)? आणि काय सोडता येईल (भाजी, रात्रीचा स्वयंपाक)? मग आईशी मुलानेच बोलावं, पण स्वतःच्या नावाने: "आई, सकाळची धावपळ मला पटत नाही. महिनाभर पोळ्यांना बाई लावून बघू या असं माझ्या मनात आहे. तुला काय अडचण वाटते?" आई रागाच्या भरात जे बोलेल ते जसंच्या तसं बायकोपर्यंत पोचवू नये. फक्त मुद्दा सांगावा. बायको माहेरच्या माणसांशी बोलते तेव्हाही हेच लागू.

पहिलं कारण खरं धरलं जातं

सासूबाई म्हणतात, "पैसे कशाला घालवायचे?" तुम्ही हिशेब मांडता. लगेच "बाईचा हात कसा असेल कोण जाणे" येतं. तुम्ही स्वच्छतेचं बोलता, तर "तेल फार ओततात". एक हरकत मिटली की दुसरी उभी राहत असेल, तर अडचण सांगितली जातेय त्यात नाही, हे ओळखावं. ती बहुधा दोनपैकी एक असते: इतकी वर्षं हातात असलेलं स्वयंपाकघर परक्या बाईच्या हाती जातंय, किंवा देवघर ओट्याजवळ आहे आणि बाईची वेळ नेमकी पूजेची आहे. दुसरी तर वेळ अर्धा तास सरकवून सुटते. ती कुणी विचारतच नाही, हा भाग वेगळा.

पहिल्या अडचणीवर उपाय म्हणजे अधिकार वाटून देणं. बाईने किती वाजता यायचं, कणीक किती भिजवायची, तेल किती, हे सासूबाई सांगतील. बावीस पोळ्यांना साधारण साडेसहाशे ग्रॅम कणीक लागते. कोणत्या डब्याने किती मापायची ते त्यांनीच दाखवावं. मात्र एकदा दिलेला अधिकार परत घेऊ नका. त्या "पातळ लाटा" म्हणाल्या आणि सूनबाईंनी बाईला परस्पर "जाडच राहू दे" सांगितलं, तर आठवड्याभरात बाई काम सोडते आणि दोष सुनेवर येतो. नैवेद्याचा आणि सणावारांचा स्वयंपाक घरातच होईल, हेही आधीच बोलून टाकावं.

खाड्याचा विचार राहून जातो

बाई खाडे करणारच. त्या दिवशी पोळ्या कोण लाटणार, हे ठरलेलं नसलं की पहिल्याच खाड्याला "मी म्हटलंच होतं" ऐकावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच ठरवा: बाई आली नाही तर मुलगा कुकर लावेल आणि डब्यात भात-भाजी जाईल, किंवा आदल्या रात्रीच चार पोळ्या जास्त करून ठेवायच्या. सासूबाईंना गृहीत धरू नका. त्या आपणहून लाटायला बसल्या तर गोष्ट निराळी.

ऐनवेळी नवरा फिरला तर

आईसमोर तो "बरं, राहू दे मग" म्हणाला, तर तिथेच त्याला तोंडघशी पाडू नका; त्याने आई आणखी ठाम होते. रात्री दोघंच असताना विचारा की नेमकं कुठे अडलं. विषय मात्र त्यानेच दोन-तीन दिवसांत आईपाशी पुन्हा काढायचा, सूनबाईंनी नाही. "आईचा स्वभावच तसा आहे, जाऊ दे" हे उत्तर धरू नये. त्याचा अर्थ पोळ्या पूर्वीसारख्या तूच लाट, एवढाच होतो.

शिवीगाळ, मारहाण किंवा पगार काढून घेणं सुरू असेल तर हे उपाय लागू नाहीत. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन.

महिना संपला की तिघांनी दहा मिनिटं बसावं. खाडे किती झाले, पोळ्या डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतात का, पूजेच्या वेळेत अडथळा येतो का, एवढंच बघावं. बाई नको असं तिघांचं मत पडलं, तर सकाळच्या पोळ्या कोणी कोणत्या वारी लाटायच्या ते त्याच बैठकीत ठरवा, आणि त्या वाटणीत मुलाचाही वार असू द्या.