घरातल्या एसी डक्टचा आकार कसा काढावा: आठ इंची की सहा इंची?

पर्वरी-म्हापशाकडच्या नव्या घरांत हल्ली छतात लपवलेला डक्टेबल एसी बसवतात. मशीन चांगलं घेतलं जातं, पण डक्टचा आकार ठरवते ती बीम आणि फॉल्स सीलिंगमधली फट. बेडरूमला सहा इंची पाइप जातो आणि रात्री ग्रिलमधून सुसाट आवाज येतो. हे टाळण्याचं गणित वहीच्या अर्ध्या पानात मावतं, आणि ते सीलिंगवाल्याला बोलावण्याआधी करावं.

उदाहरण घेऊ दीड टनाच्या मशीनचं. हवा ६०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट; तीन फाटे, प्रत्येकी २०० सीएफएम.

पहिली पायरी: पंख्याकडे डक्टसाठी किती दाब उरतो ते पाहा. मशीनच्या कागदावर बाहेरचा स्टॅटिक प्रेशर दिलेला असतो. आपल्या उदाहरणात तो ५० पास्कल धरू. त्यातून फिल्टर, हवा मशीनकडे परत नेणारं रिटर्न ग्रिल आणि थंड हवा सोडणारं खोलीचं ग्रिल यांचे प्रत्येकी ८ पास्कल वजा करा. उरले २६. मशीनच्या आकड्यात फिल्टर आधीच धरलेला आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्या, नाहीतर तो दोनदा वजा होईल.

दुसरी पायरी लांबीची, आणि चुका होतात त्या इथेच. सर्वांत लांबचा रस्ता मोजायचा: रिटर्न ग्रिलपासून मशीनपर्यंत आणि मशीनपासून शेवटच्या ग्रिलपर्यंत. आपल्या घरात तो सरळ ११ मीटर भरला. पण प्रत्येक बेंड आणि फाटा हवेला अडवतो, म्हणून त्यांचीही समतुल्य लांबी धरावी लागते. गोलाईदार बेंड पाच-सहा मीटर सरळ डक्टइतका अडथळा करतो. आत व्हेन, म्हणजे हवा वळवणाऱ्या पट्ट्या, नसलेला काटकोनी बेंड मात्र एकटाच पंधरा मीटरच्या वर जाऊ शकतो. आपल्याकडे बेंड-फाट्यांचे २९ मीटर धरले, तर एकूण ४० झाले.

२६ पास्कल भागिले ४० मीटर, म्हणजे ०.६५ पास्कल प्रति मीटर. हाच आपला फ्रिक्शन रेट. तो दुसऱ्याच्या घराकडून उसना घेता येत नाही, कारण दाब वेगळा, बेंड वेगळे.

आता फ्रिक्शन चार्टवर किंवा फोनमधल्या डक्ट-साइझरवर हवा आणि हा रेट घाला. ६०० सीएफएमच्या मुख्य डक्टला १२ इंच गोल, २०० च्या फाट्याला ८ इंच येतं. मग वेग तपासा. ८ इंचात तो सेकंदाला २.९ मीटर येतो; बेडरूमच्या फाट्याला तीनच्या आसपास ठीक. मुख्य डक्टमध्ये ३.९, पॅसेजवरून जात असेल तर चालतं. फ्रिक्शन आणि वेग यांच्यात जो आकार मोठा येईल, तोच घ्या.

सहा इंची पाइप घातला तर? २०० सीएफएम ढकलायला मीटरमागे सुमारे २.६ पास्कल लागतात, म्हणजे चौपट. वेग ५.२ वर जातो आणि वाहत्या हवेचा आवाज १२ ते १५ डेसिबलनं वाढतो; कानाला तो दुपटीहून मोठा वाटतो. साध्या मोटरचा पंखा हा भार पेलत नाही, हवा कमी पडते, आणि हवा फारच घटली तर कॉइलवर बर्फ धरतो. आपोआप वेग वाढवणारी मोटर असेल तर हवा टिकवायला पंखाच जोरात फिरतो, म्हणजे मशीनचीही घरघर.

बीमखाली उंची नसेल तर गोलाचा हट्ट सोडा. १२ बाय ५ इंचाचा चौकोनी डक्ट ८ इंच गोलाइतकीच हवा नेतो, किंबहुना किंचित जास्तच. वर-खाली एकेक इंच इन्सुलेशन धरून सात इंचांत बसतो. गोव्याच्या पावसाळ्यात ते इन्सुलेशन काढून जागा वाचवू नका, सीलिंगवर पाण्याचे डाग पडतील. फ्लेक्स, म्हणजे लवचिक पाइप वापरलात तर ताणून लावा. पंधरा टक्के सैल सोडलेल्या फ्लेक्समध्ये घर्षण चौपटीपर्यंत जाऊ शकतं.

आवाज आधीच येत असेल, तर थोडा वेळ खोलीचं ग्रिल काढून ऐका. शिट्टी थांबली तर दोष ग्रिलचा, किंवा त्याच्या अगदी मागे आवळलेल्या डॅम्परचा, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा. तशीच राहिली तर डक्ट अरुंद आहे. रिटर्नच्या बाजूचं झाकण उघडल्यावर आवाजाचा पोत बदलला, तर रिटर्न लहान पडतोय. ६०० सीएफएमला साधारण २४ बाय १४ इंचाचं रिटर्न ग्रिल लागतं. जागेच्या नावाखाली बहुतेकदा कात्री लागते ती यालाच.