फ्रेंच प्रगतिपुस्तकातला 'फ्राजील' इंग्रजीत नेताना
फ्रेंच शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'आन्सांब्ल फ्राजील' असा शेरा दिसला, तर इंग्रजीत 'फ्रॅजाइल' लिहू नका. वाचणाऱ्याला मूल नाजूक प्रकृतीचं वाटेल. शिक्षकांना म्हणायचं असतं, एकूण पाया कच्चा आहे. किती कच्चा, ते शेजारचे गुण सांगतात. २० पैकी ९ आणि वर्गाची सरासरी १२ असेल तर मी 'वीक ओव्हरऑल' लिहितो. ११ असतील तर 'शेकी' पुरे. 'बॅड' मात्र नको, शिक्षकांनी तो शब्द मुद्दाम टाळलेला असतो.

उलट 'आसे बियाँ'ला 'गुड इनफ' केलंत तर मुलावर अन्याय होतो. शालेय शिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या बाकालोरेआ परीक्षेत १२ पासून १४ च्या आतल्या सरासरीला मिळणारा तो रीतसर दर्जा आहे. तिथे 'फेअरली गुड' लिहा.