नऊच्या जागी दहाच्या तारा: इलेक्ट्रिक गिटारचं सेटिंग कोणत्या क्रमाने करावं

तारांचं गेज, म्हणजे जाडी, बदललं की गिटार वेगळीच लागते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी चुकीच्या स्क्रूकडे जातो. क्रम एकच आहे: आधी तारा, मग नेकचा बाक, मग ॲक्शन म्हणजे फ्रेटवरची तारांची उंची, आणि शेवटी इंटोनेशन म्हणजे वरच्या फ्रेटवरचे सूर जुळवणं. तारांचा ताण नेकचा बाक ठरवतो आणि त्या बाकावर तारांची उंची अवलंबून असते. हा क्रम उलटा केला, तर प्रत्येक पायरी आधीची बिघडवते.

उदाहरणासाठी ६४८ मिमी (२५.५ इंच) स्केलची, फिक्स्ड ब्रिजची गिटार घेऊ. तिच्यावर ९-४२ चा संच होता, आता १०-४६ चा चढवायचा आहे. हे आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. ट्यूनिंग नेहमीचंच.

तारा बदला आणि सुरात आणा

एका सुरावर ठेवलेल्या साध्या तारेचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ९ ची पहिली तार १० ची केली, तर ताण १० नव्हे, सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो आणि बेंड करताना बोटांना तो लगेच जाणवतो. सहा तारांचा मिळून ओढा सुमारे ३८ किलोवरून ४६-४७ किलोवर जातो. एवढं जादा वजन नेकला पुढे ओढतं.

बदल्यात काय मिळतं? ताणलेली तार कमी रुंद झोका घेते. त्यामुळे जोरात स्ट्रोक मारणाऱ्याला जाड तारांवर ॲक्शन थोडी खाली ठेवता येते. हलक्या हाताने वाजवणाऱ्याला, ज्याचं अर्धं काम बेंडवर चालतं, त्याने उगाच दहावर जाऊ नये. स्केल ६२९ मिमी (२४.७५ इंच) असेल तर त्याच तारांचा ताण सुमारे ६ टक्के कमी पडतो, तिथे दहा सहज चालतात.

फ्लोटिंग ट्रेमोलो असेल तर जादा ताणाने ब्रिज पुढे झुकतो आणि ॲक्शन वर जाते. मागच्या स्प्रिंगचे स्क्रू आवळून ब्रिज आधी पूर्वीच्या जागी आणा, मगच पुढचं मोजमाप घ्या.

नेकचा बाक: इथे घाई करू नका

सर्वांत जास्त गिटारी बिघडतात त्या एका सल्ल्यापायी: “ॲक्शन उंच आहे? ट्रस रॉड आवळ.” हा सल्ला चुकीचा आहे. ट्रस रॉड हे उंचीचं साधन नाही. नेकच्या पोटातली ती सळई तारांच्या ओढ्याला तोल देते, एवढंच तिचं काम. ती बाक बदलते तो मुख्यतः तारांच्या खाचांचा नट आणि नेकचा जोड यांच्या मधल्या भागात. जोडापलीकडच्या पंधराव्या-सतराव्या फ्रेटवर उंची खाली आणायला तिचा फारसा उपयोग नाही. तरीही आवळत गेलात तर नेक मागे वाकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खरखरू लागतात. मग खरखर घालवायला ब्रिजवरचे तारांचे टेकू, म्हणजे सॅडल, वर केले जातात, आणि शेवटी ॲक्शनही उंच राहते व खरखरही.

म्हणून आधी मोजा. गिटार वाजवताना धरतो तशी धरा. टेबलावर आडवी ठेवली तर नेकचं वजन आणि आधार माप बदलतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंतची फट पाहा. हीच रिलीफ. ०.२५ मिमी हे सुरुवातीसाठी चांगलं माप. फीलर गेज नसेल तर कापून टाकलेला १० च्या तारेचा तुकडा वापरा. त्याची जाडी ०.२५ मिमीच असते. तुकडा वरची तार न हलवता जेमतेम सरकला पाहिजे.

आपल्या गिटारवर समजा रिलीफ ०.२५ वरून ०.४० झाली आहे. बाराव्या फ्रेटवर जाड ई १.८ मिमी होती, ती २.० झाली आहे. म्हणजे नेक पुढे वाकली आहे आणि रॉड आवळायचा आहे.

किल्ली नेमक्या मापाची हवी. रॉडच्या इंची नटमध्ये जवळपासच्या मापाची मिलिमीटरची ॲलन की घालू नका. ती आधी बसल्यासारखी वाटते आणि जोर लागताच नटचे कोपरे झिजवते. झिजलेला नट काढणं हे घरचं काम नाही. किल्ली तळापर्यंत बसवा, तारा एक-दोन सूर उतरवा आणि नटकडे तोंड करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा द्या. आधी थोडा सैल करून मग आवळला तर अडकलेला नट कुरकुरत नाही. पुन्हा पूर्ण सुरात आणा आणि मगच मोजा. सैल तारांवर घेतलेलं माप निरर्थक असतं.

समजा आता ०.२८ मिळालं. इथेच थांबा. लाकूड सावकाश बसतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. एका बैठकीत अर्ध्या फेऱ्याहून जास्त देऊ नका. अर्ध्या फेऱ्यानंतरही माप हललं नाही किंवा नट फिरायलाच तयार नसेल, तर जोर लावू नका. रॉड तुटला तर दुरुस्तीसाठी फ्रेटबोर्ड उचलावा लागू शकतो. अशी गिटार कारागिराकडे द्या.

उलट, बारीक तारांवर जाताना रॉड सैल करावा लागतो. एकाच दिशेने काम करणारा रॉड पूर्ण सैल होऊनही नेक मागेच वाकलेली राहिली, तर तो तिला पुढे ढकलू शकत नाही. दुहेरी रॉड ढकलू शकतो.

ॲक्शन सॅडलवर

रॉड आवळल्यावर बाराव्या फ्रेटवरचं माप २.० वरून १.९ वर आलं असं धरू. हवं आहे १.८. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असल्याने सॅडल जेवढा हलतो त्याच्या निम्मा फरक तिथे पडतो. म्हणजे ०.१ मिमीसाठी सॅडल ०.२ मिमी खाली. बारीक ई १.५ मिमीच्या आसपास ठेवा, मधल्या तारा फ्रेटबोर्डच्या गोलाईप्रमाणे.

आता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा आणि खरखर कुठे आहे ते ऐका. फक्त पहिल्या पाच फ्रेटवर असेल तर रिलीफ कमी आहे. बाराव्याच्या पुढेच असेल तर सॅडल फार खाली आहे. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची खाच खोल झाली आहे. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. तिथे रॉड किंवा सॅडल काही करू शकणार नाही. बारीक तार वरच्या फ्रेटवर पूर्ण सूर बेंड केल्यावर आवाज दबत असेल, तर गोल फ्रेटबोर्डवर ती पुढच्या फ्रेटला टेकते आहे. त्या बाजूचे सॅडल किंचित वर घ्या.

नट आणि इंटोनेशन

सुरात आणताना तार ‘टक्’ करून उडी मारत असेल तर नटची खाच जाड तारेला अरुंद पडते आहे. आधी खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, तरीही अडली तर खाच रुंद करून घ्या.

शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नेकपासून मागे न्या.