पंच-डायचा क्लिअरन्स कसा काढावा आणि कापलेली कड कशी वाचावी

भोसरीच्या टूलरूममध्ये काम शिकताना माझ्या हातून एक चूक झाली होती. ती नव्या मुलांकडून आजही होते, म्हणून उदाहरण त्याच डायचं घेतो: 2 मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पत्र्यातून 40 मिमी व्यासाची चकती कापायची आहे.

आधी ठरवा, कामाचा तुकडा कोणता? इथे बाहेर पडणारी चकती हवी आहे, म्हणून माप डायला द्यायचं: 40.00 मिमी. क्लिअरन्स, म्हणजे वरून दाबणारा पंच आणि खालची भोकाची डाय यांच्यातली फट, पंचातून वजा करायचा. भोक हवं असतं, तर पंच मापाचा ठेवून डाय मोठी केली असती.

आता क्लिअरन्स. अशा पत्र्याला दर बाजूला जाडीच्या 6 टक्क्यांपासून सुरुवात करा, म्हणजे 0.12 मिमी. गोल पंचाला दोन्ही बाजू असतात, त्यामुळे व्यासातून 0.24 वजा होतात आणि पंच 39.76 चा होतो. मी 0.12 एकदाच वजा करून पंच 39.88 चा केला. क्लिअरन्स निम्मा, 3 टक्के राहिला.

चूक कडेनेच दाखवून दिली. चांगल्या कडेवर वर थोडी गोलाई, मग एक चकचकीत पट्टा आणि खाली खरखरीत तुटलेला भाग दिसतो. पंचाच्या आणि डायच्या धारेकडून निघालेल्या भेगा एकमेकींना भेटतात, तेव्हा अशी कड मिळते. माझ्या चकतीवर दोन चकचकीत पट्टे होते. भेगा चुकल्या होत्या आणि मधला धातू पुन्हा कापला गेला होता. बर, म्हणजे कडेवर उभी राहणारी धारदार कोर, लहान होती, म्हणून मी खूश झालो. पण पत्रा पंचाला आवळून धरत होता, पंचावरून पत्रा सोडवणाऱ्या स्ट्रिपरवर ताण येत होता आणि धार लवकर बोथट झाली.

पंच बरोबर 39.76 चा ठेवून त्याच डायवर 1 मिमी पत्रा लावला, तर तोच 0.12 आता 12 टक्के होतो. गोलाई वाढते, पत्रा फटीत ओढला जातो आणि बर उंच येते. ड्रॉइंगवर वेगळं काही नसेल, तर जाडीच्या 10 टक्के ही बरची ढोबळ मर्यादा धरा.

बर दिसली की लगेच क्लिअरन्स बदलू नका. एकाच बाजूला असेल, तर पंच मध्यावर नाही. सगळीकडे हळूहळू वाढत गेली, तर धार गेली आहे: चकतीवर असेल तर पंचाची, पत्र्यातल्या भोकावर असेल तर डायची. धार लावूनही गेली नाही, तरच क्लिअरन्सकडे वळा.

जोर काढायचा तर परीघ, जाडी आणि कर्तन-ताकद यांचा गुणाकार:

```
3.14 × 40 × 2 × 320 = सुमारे 80,400 N
```

म्हणजे साधारण 8.2 टन. इथे 320 N/mm² ही मऊ पत्र्यासाठी धरलेली किंमत आहे. पाव भाग वर धरला, तर 10 टनांचा प्रेस अपुरा पडतो. क्लिअरन्स वाढवून हा आकडा थोडाच उतरतो. जोर खरंच कमी करायचा असेल, तर डायच्या तोंडाला उतार द्या आणि पंच सपाट ठेवा, म्हणजे चकती वाकत नाही.