एनएफएची युक्ती पीडीएला लावताय? या चुका टाळा

शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी, पुण्यातलाच, गेटची तयारी करतोय. त्याचं पत्र आलं: ‘आदरणीय मॅडम, एनएफएचं डीएफए करताना यंत्र ज्या ज्या अवस्थांत असू शकतं त्यांचा संच घेऊन त्यालाच एक अवस्था मानतो. तेच मी पीडीएला लावलं. अवस्था आणि स्टॅकवरचं सगळ्यात वरचं अक्षर, अशा जोड्यांचे संच घेतले. जोड्या मर्यादित आहेत, म्हणजे प्रत्येक एनपीडीएला समतुल्य डीपीडीए मिळायला हवा. पुस्तकात नेमकं उलट लिहिलंय. माझं कुठे चुकतंय?’

सोबत दोन पानांची सिद्धता होती. इंडक्शनची पायरी ‘त्याचप्रमाणे पुढे’ एवढ्यावर उरकलेली. टीओसीच्या पेपरात हा शब्द दिसला की मी लाल पेन उघडते, कारण चूक बहुतेक वेळा त्याच्याच आड असते.

पहिली चूक मर्यादितपणालाच सिद्धता समजण्याची. राबिन आणि स्कॉट यांनी १९५९ मध्ये मांडलेली संचांची रचना दोन पायांवर उभी आहे. एक, `n` अवस्थांचे संच जास्तीत जास्त `2^n`. दोन, आत्ताचा संच आणि पुढचं अक्षर माहीत असलं की पुढचा संच ठरतोच. इथवर कसे आलो हे विचारावं लागत नाही. पहिला पाय सगळ्यांच्या लक्षात राहतो, दुसरा कुणी तपासत नाही. जोड्यांच्या बाबतीत तोच मोडतो.

`ww^R` ही भाषा घ्या, म्हणजे सम लांबीचे पॅलिन्ड्रोम. यंत्र `p` अवस्थेत अक्षरं स्टॅकवर ठेवतं, कधीतरी ‘आता मधोमध आलो’ असा अंदाज बांधून `q` मध्ये जातं आणि तिथे जुळणारी अक्षरं काढत राहतं. इनपुट आणि स्टॅक एकदमच संपले तर स्वीकार. आता `01` वाचा. आधीच मध्य मानलेल्या फांद्या मेल्या, उरल्या जोड्या `(p,1)` आणि `(q,1)`. मग वेगळी सुरुवात करून `001` वाचा. पहिल्या शून्यानंतर मध्य मानणारी फांदी दुसऱ्या शून्यावर जुळते, पण `1` आल्यावर तीही संपते. उरल्या पुन्हा `(p,1)` आणि `(q,1)`. म्हणजे दोन्हीकडे संच तोच.

दोन्हींच्या पुढे `10` जोडा. `0110` भाषेत आहे, `00110` नाही. नुसता संच बघणाऱ्या यंत्राला हा फरक कळणं शक्यच नाही, कारण तो दडलाय वरच्या `1` च्या खाली आणि जोडीत तो कुठेच लिहिलेला नाही. सिद्धता इथे पडली. पत्रासोबत दोन पानं जोडण्याआधी चार-पाच अक्षरांच्या स्ट्रिंगा हाताने चालवल्या असत्या, तर प्रश्न नेमक्या ओळीवर विचारता आला असता.

यावर उत्तर येतं, ‘पण मॅडम, संचाबरोबर स्टॅकही ठेवतोच की.’ ही दुसरी चूक. कोणत्या फांदीचा स्टॅक? `0110` वाचून झाल्यावर `p` च्या फांदीला स्टॅकवर चारही अक्षरं हवीत आणि बरोबर अंदाज बांधलेल्या `q` च्या फांदीचा स्टॅक रिकामा हवा. एकाच अक्षरावर एकीला ठेवायचंय, दुसरीला काढायचंय. प्रत्येक फांदीला वेगळा स्टॅक दिला तर ते पीडीए राहत नाही; दोन स्टॅक मिळाले की यंत्राची ताकद थेट ट्युरिंग यंत्राएवढी होते.

तिसरी चूक निष्कर्ष उलटा तपासून न बघण्याची. डीपीडीएच्या भाषांचा पूरक संचही डीपीडीएनेच ओळखता येतो (यंत्र मध्येच अडकणं किंवा इनपुट न वाचता फिरत राहणं आधी दुरुस्त करून). पत्रातलं विधान खरं असतं तर सगळ्याच कॉन्टेक्स्ट-फ्री भाषांना, म्हणजे एनपीडीए ओळखतो त्या सगळ्या भाषांना, हे लागू झालं असतं. पण `a^n b^n c^n` चा पूरक संच कॉन्टेक्स्ट-फ्री आहे आणि खुद्द `a^n b^n c^n` नाही. पुस्तकाच्या दोन वेगळ्या प्रकरणांतल्या गोष्टी असल्यामुळे त्या शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचत नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मात्र नेमकं हेच विचारतात.

पत्राच्या शेवटी त्याने विचारलं होतं, ‘मग `w#w^R` ला डीपीडीए कसा चालतो?’ तिथे `#` दिसेपर्यंत फक्त ठेवायचं असतं आणि दिसल्यावर फक्त काढायचं. कुठल्याही क्षणी एकच फांदी जिवंत असते, त्यामुळे दुसरा स्टॅक मागायला कुणी उरतच नाही.