जुनं पुस्तक ऑनलाइन विकताना आधी उणिवा दाखवा

रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं पुस्तकं घेताना प्रत्येक पुस्तक मधोमध उघडा. शिलाई दिसते का, पानं निसटतात का, कुबट वास येतो का, एवढं तिथेच पाहा. कुबट वासाचं पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नका. तो वास शेजारच्या पुस्तकांनाही लागतो.

विक्रीला ठेवताना नुसतं ‘चांगल्या स्थितीत’ लिहू नका. ‘कणा वरून अर्धा इंच फाटलेला, पहिल्या पानावर नाव, १२ ते ४० पानांवर पेन्सिलच्या खुणा, सर्व पानं आहेत’ असं लिहा. मुखपृष्ठ, कणा, आवृत्तीचं पान आणि सर्वांत खराब पान, असे चार फोटो पुरतात. परत येणारं पुस्तक दोनदा टपालखर्च खातं.

किंमत ठरवण्याआधी पुस्तकाचं पॅकिंगसकट वजन करा. पुस्तकं पाठवण्यासाठीच्या पोस्टाच्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि कर लागतो, त्यामुळे २९० ग्रॅमच्या पुस्तकाला जाड पुठ्ठा महाग पडतो. तिथे प्लॅस्टिकची पिशवी आणि कोपऱ्यांपुरताच पुठ्ठा लावा. नियतकालिकं मात्र या सेवेत घेत नाहीत.