शूलेस सूत्राने प्लॉटचं क्षेत्रफळ काढताना कोपऱ्यांचा क्रम चुकू देऊ नका

जमिनीच्या प्रत्येक कोपऱ्याचे सहनिर्देशक हातात असले की क्षेत्रफळ काढायला शूलेस सूत्र पुरतं. तिरक्या बांधांचा प्लॉट असो, पाच कोपऱ्यांचा असो की पंधरा, त्रिकोण पाडत बसावं लागत नाही. पण हे सूत्र प्लॉटचं क्षेत्रफळ देत नाही, तुम्ही ज्या क्रमाने कोपरे लिहिले त्या क्रमाने काढलेल्या रेषेचं क्षेत्रफळ देतं. क्रम बांधावरून चालल्यासारखा असेल तरच दोन्ही गोष्टी एक होतात. क्रम चुकला तर सूत्र अडत नाही, एरर दाखवत नाही. ते मुकाट्याने एक आकडा देतं आणि तो बरेचदा खरा वाटावा इतका साधा असतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. पाच कोपऱ्यांचा प्लॉट आहे. जीपीएसवरून मीटरमधले यूटीएम आकडे मिळाले. पहिल्या कोपऱ्याचं ईस्टिंग ३८२४१२ आणि नॉर्दिंग २०४७३१८ आहे. सगळ्या ईस्टिंगमधून ३८२४०० आणि सगळ्या नॉर्दिंगमधून २०४७३०० वजा केले की आकडे हाताळण्याजोगे होतात आणि क्षेत्रफळात काही फरक पडत नाही:

```
कोपरा    x     y
अ       १२    १८
ब       ९४    १०
क      ११८    ६२
ड       ७०    ९६
इ       २०    ७४
```

(अक्षांश-रेखांश अंशांमध्ये असतील तर ते थेट या सूत्रात टाकू नका. आधी मीटरमध्ये रूपांतर करा. महाराष्ट्राचा बराचसा भाग यूटीएमच्या ४३ व्या झोनमध्ये येतो, ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेचा विदर्भ ४४ मध्ये.)

आता प्रत्येक बाजूसाठी पहिल्या कोपऱ्याचा x गुणिले पुढच्याचा y, त्यातून पुढच्याचा x गुणिले पहिल्याचा y वजा करायचा. अ ते ब साठी १२ × १० − ९४ × १८ म्हणजे −१५७२. याच पद्धतीने ब-क ४६४८, क-ड ६९८८, ड-इ ३२६०, आणि शेवटून परत पहिल्याकडे येणारी इ-अ −५२८. बेरीज १२७९६, तिचं निम्मं ६३९८ चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणून सातबाऱ्याच्या भाषेत ६३.९८ आर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०१.१७ चौरस मीटर, म्हणून सुमारे ६३ गुंठे, म्हणजे एक एकर २३ गुंठे.

विसरलेला कोपरा शेवटी जोडला जातो

क्रम चुकण्याचं सर्वात नेहमीचं कारण हे आहे. बांधावरून फिरताना झुडपांमुळे क हा कोपरा राहून जातो. अ, ब, ड, इ घेऊन झाल्यावर लक्षात येतं, मग मागे जाऊन क घेतला जातो, आणि यादीत तो सर्वात शेवटी बसतो. तीच यादी सूत्रात गेली तर क्रम अ, ब, ड, इ, क असा होतो.

पदं अशी येतात: −१५७२, ८३२४, ३२६०, −७४९२, १३८०. बेरीज ३९००, क्षेत्रफळ १९५० चौरस मीटर. म्हणजे सुमारे १९ गुंठे. पाचही कोपरे बरोबर, प्रत्येक गुणाकार बरोबर, आणि ६३ गुंठ्यांचा प्लॉट १९ गुंठ्यांवर आला. उत्तर ऋणही नाही, शून्यही नाही. ज्याला प्लॉटचा अंदाज नाही त्याला संशय येण्याचं कारणच उरत नाही.

असं का होतं? ड-इ-क-अ असं जाताना रेषा ब-ड या बाजूला कापून जाते. आकृतीचे तुकडे पडतात. काही तुकड्यांभोवती रेषा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, ते अधिक धरले जातात. काहींभोवती काट्यांच्या दिशेने फिरते, ते वजा होतात. हाती येतं ते या बेरीज-वजाबाकीचं शिल्लक. म्हणून चुकलेल्या क्रमाचं उत्तर 'थोडं चुकलेलं' नसतं, त्याचा खऱ्या क्षेत्रफळाशी ठरावीक असा संबंधच नसतो.

आयताकृती एन.ए. प्लॉटमध्ये हीच चूक ठळकपणे दिसते. १२ बाय ९ मीटरच्या प्लॉटचे दोन शेजारचे कोपरे उलटसुलट लिहा, उत्तर नेमकं शून्य येतं, कारण दोन सारख्या त्रिकोणांपैकी एक अधिक आणि एक वजा होतो. अशी चूक लगेच पकडली जाते. वेड्यावाकड्या प्लॉटमध्ये ती लपते.

दुसरं कारण फाइलमधलं. बिंदूंना P1, P2 … P11 अशी नावं दिली आणि यादी नावानुसार लावली की P1 नंतर P10, P11 आणि मग P2 येतो. शेतावरचा क्रम बरोबर असूनही कागदावर बिघडतो. म्हणून पहिल्यापासून P01, P02 असंच लिहावं. ईस्टिंगनुसार चढत्या क्रमाने लावलेली यादी तर कधीच सूत्रात टाकू नये.

चूक कशी पकडायची

मला सर्वात भरवशाची वाटते ती बाजूंच्या लांबीची पडताळणी. सूत्रात ज्या क्रमाने कोपरे दिले त्याच क्रमाने शेजारच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर काढा. बरोबर क्रमात अ-ब ८२.४, ब-क ५७.३, क-ड ५८.८, ड-इ ५४.६ आणि इ-अ ५६.६ मीटर येतात, परिमिती सुमारे ३१० मीटर. चुकलेल्या क्रमात ब-ड ८९.३, इ-क ९८.७ आणि क-अ ११४.८ अशा बाजू दिसतात आणि परिमिती ४४० च्या घरात जाते. क्षेत्रफळ घटलं आणि परिमिती वाढली, ही क्रम चुकल्याची ठळक खूण. शिवाय ११४ मीटरचा सलग बांध त्या जमिनीवर नाहीच, हे तिथे उभं राहिलेल्या माणसाला टेप न लावताही सांगता येतं.

दुसरी पडताळणी डोळ्यांची. एक्सेलमध्ये x आणि y चे दोन्ही स्तंभ निवडून सरळ रेषांनी जोडलेला स्कॅटर चार्ट काढा. रेषा एकमेकींना कापत असतील तर क्रम चुकलेला आहे, यात दुसरी शक्यता नाही. कोपरे जास्त असतील तर क्यूजीआयएसमधलं Check validity हे साधन एकमेकींना कापणाऱ्या बाजू शोधून देतं.

वजा चिन्हाची भीती

एकूण बेरीज ऋण आली तर घाबरायचं कारण नाही. तुम्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलात, किंवा ईस्टिंग-नॉर्दिंगचे अख्खे स्तंभ अदलाबदल झाले, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी चिन्ह काढून टाकलं की क्षेत्रफळ बरोबरच.

मात्र चिन्ह फक्त शेवटी, अगदी एकदाच काढायचं. काहीजण प्रत्येक पदाचंच वजा चिन्ह पुसतात, कारण 'क्षेत्रफळ ऋण कसं असेल?'. आपल्या उदाहरणात तसं केलं तर बेरीज १६९९६ आणि क्षेत्रफळ ८४९८ चौरस मीटर येतं. म्हणजे ८४ गुंठे, खऱ्यापेक्षा २० हून जास्त. ऋण पदं ही चूक नसते. आरंभबिंदू आणि प्लॉट यांच्या मधली जी जमीन धन पदांमध्ये जादा मोजली गेली ती तीच परत काढून घेतात.

शेवटची बाजू राहून जाते

शेवटच्या कोपऱ्यावरून पहिल्याकडे येणारं पद विसरणं ही फार सौम्य दिसणारी चूक आहे. इ-अ हे −५२८ सोडलं तर उत्तर ६६६२ येतं, फरक २६४ चौरस मीटर, म्हणजे अडीच गुंठ्यांहून थोडा जास्त. इतका फरक जीपीएसच्या माथी मारून पुढे जाणं सोपं असतं.

याला एक नेमकी परीक्षा आहे. सगळ्या x मध्ये आणि सगळ्या y मध्ये वाटेल तो एकच आकडा मिळवा, समजा १०००, आणि पुन्हा हिशेब करा. सूत्र पूर्ण असेल तर उत्तर तसूभरही हलत नाही. हललं तर एखादं पद राहिलं आहे किंवा मधलं चिन्ह पुसलं गेलं आहे. लक्षात घ्या, ही परीक्षा क्रमाची चूक पकडत नाही. चुकलेल्या क्रमाचे १९५० सुद्धा जागचे हलणार नाहीत. क्रमासाठी लांबी आणि चित्र, हिशेबासाठी ही परीक्षा, अशी दोन्ही लागतात.

एक्सेलमध्ये पहिला कोपरा यादीच्या तळाशी पुन्हा लिहिला की शेवटची बाजू राहण्याचा प्रश्नच येत नाही. पाच कोपरे २ ते ६ ओळींत आणि पहिला पुन्हा ७ व्या ओळीत असेल तर:

```
=ABS(SUMPRODUCT(B2:B6,C3:C7)-SUMPRODUCT(B3:B7,C2:C6))/2
```

ABS बाहेरून एकदाच आलेलं आहे ते पाहा.

आत शिरलेला कोपरा

आता अशी जागा, जिथे वरच्या सगळ्या युक्त्या अपुऱ्या पडतात. प्लॉटचे चार कोपरे घ्या: प (०, ०), फ (८०, ०), र (४०, ९०) आणि स (३०, २०). यातला स बाकी तिघांच्या त्रिकोणाच्या आत आहे, म्हणजे तिथे बांध आत वळलेला आहे. पण तो नेमका कोणत्या बाजूने आत वळला?

प आणि फ यांच्यामध्ये स असेल तर क्षेत्रफळ २८०० चौरस मीटर. र आणि प यांच्यामध्ये असेल तर २६५०. फ आणि र यांच्यामध्ये असेल तर १७५०. तिन्ही क्रमांत एकही रेषा दुसरीला कापत नाही, चित्र तिन्ही वेळा निर्दोष दिसतं. सहनिर्देशकांत याचं उत्तरच नाही.

इथेच 'मध्यबिंदूपासून कोनानुसार कोपरे लावा' ही लोकप्रिय युक्ती फसते. सगळे कोपरे बाहेर फुगलेले असतील तर ती अचूक क्रम देते. पण या चार कोपऱ्यांची सरासरी (३७.५, २७.५) घेऊन कोनानुसार लावलं तर स नेहमीच प आणि फ यांच्यामध्ये जाऊन बसतो आणि उत्तर २८०० येतं. प्रत्यक्षात बांध फ-र बाजूने आत वळला असेल तर १०५० चौरस मीटर, दहा गुंठ्यांहून जास्त जमीन कागदावर जादा चढली.

म्हणून कोपरा टिपतानाच हाताने कच्चा नकाशा काढावा आणि त्यावर क्रमांकांसोबत कोणता कोपरा कोणत्या दोघांना बांधाने जोडलेला आहे ते लिहावं. सपाट जमिनीवर हद्दीचे दगड दिसत असतील तर आत शिरलेल्या कोपऱ्यापासून शेजारच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत टेप धरून घ्यावी. वरच्या प्लॉटमध्ये स पासून प ३६.१, फ ५३.९ आणि र ७०.७ मीटरवर आहे. बांधावरून मोजलेल्या दोन लांब्या ५३.९ आणि ७०.७ आल्या, तर स हा फ आणि र यांच्यामध्येच आहे आणि क्षेत्रफळ १७५० आहे.